पुडीचा खाडा

सकाळी पावणेसात वाजता आमच्या दाराच्या कडीला एक पुडी लटकलेली असते. उन्हाळ्याच्या तोंडावर ती पळसाच्या पानाची, एरवी वर्तमानपत्राच्या कागदाची. आत चार झेंडू, दोन देशी गुलाब, दोन शेवंती, तुळशीची डहाळी आणि वाराप्रमाणे आणखी काहीतरी. सोमवारी बेल, मंगळवारी जास्वंद आणि दुर्वांची जुडी, शनिवारी रुईची पाने. बडोद्यातल्या गोत्री भागात आम्ही राहायला आलो तेव्हापासून हा क्रम चालू आहे. पुडी टाकणाऱ्या बाईंना सगळी सोसायटी मावशी म्हणते. मराठी माणसे म्हणतात तशीच गुजरातीही म्हणतात.

रोज देवापुढे जाणाऱ्या या पुडीचा हिशोब कसा बसतो, याचा विचार मी कधी केला नव्हता. दुधाचा रतीब तसा फुलांचा रतीब, एवढेच माझ्या मनात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि तीन दिवसांच्या खाड्यावरून आमच्या सोसायटीत वाद झाला, तेव्हा मला हा धंदा पहिल्यांदा नीट दिसला.

आधी थोडे जुने. बडोदे गायकवाडांकडे कायमचे आले ते १७३४ साली. त्यांच्या दरबाराबरोबर आलेली मराठी कुटुंबे दांडिया बाजार, रावपुरा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. माझ्या सासूबाई दांडिया बाजारातल्या. त्यांच्या माहेरी पुडी यायची, सासरीही यायची. पुढे वाडे पडले, मुलांनी गोत्री, कारेलीबाग, मांजलपूर अशा बाजूंना फ्लॅट घेतले आणि पुडीची सवयही त्यांच्यामागोमाग तिकडे गेली. मावशींची ४६ घरे आहेत. त्यांतली निम्म्याहून थोडी जास्त मराठी, बाकीची गुजराती, आणि पाच-सहा उत्तर प्रदेश-राजस्थानकडची.

मावशींचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. मुलाच्या स्कूटरवर मागे बसून त्या खंडेराव मार्केटच्या फुलबाजारात जातात. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बांधलेली ती देखणी इमारत बडोद्याला येणारा प्रत्येक पाहुणा बाहेरून बघतो. मावशींची नजर मात्र इमारतीकडे जात नाही, ती पोत्यांकडे असते. एकदा मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. पहिलीच गोष्ट मला नवी होती. झेंडूच्या पोत्याला त्या वरून बघतच नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालतात आणि क्षणभर थांबतात. आत गार लागले तर माल ताजा. कोमट लागला तर पुढे चालू लागायचे, भाव कितीही उतरलेला असो.

"फूल तोडलं तरी श्वास घेतंच असतं," त्या म्हणाल्या. "ओलं करून दाबून भरलं की आतल्या आत तापतं. वरची फुलं हसरी दिसतात, मधली दुपारपर्यंत काळी पडतात."

वजन वाढावे म्हणून पोत्यावर पाणी मारण्याची चाल सगळीकडे असते. त्या पाण्याचे पैसे तर आपण देतोच, वर फूलही कुजते. दुसरी खूण देठाजवळची. फूल उलटे धरून हिरव्या कपाजवळच्या पाकळ्या बघायच्या. तिथे तपकिरी छटा आली असेल तर ते फूल हारात ओवल्यावर गळते. मी गंमत म्हणून एक किलो मध्यम झेंडू मोजला, तेव्हा १५४ फुले भरली. मावशी धरतात दीडशे, आणि त्यावरच त्यांचा सगळा हिशोब उभा आहे.

तो हिशोब त्यांनी मला वहीत दाखवला. पुडी दहा रुपयांची, महिन्याला सरसकट तीनशे. महिना तीसचा असो की एकतीसचा. ४६ घरांचे रोजचे ४६० रुपये. त्या वर्षी साध्या दिवसाचा खर्च असा होता : ४६ घरांना चार-चार म्हणजे १८४ झेंडू, सव्वा किलो, साठच्या भावाने ७५ रुपये. अर्धा किलो गुलाब ६० रुपये. शेवंती ३६. पाने, दोरा, कागद धरून २०. स्कूटरचे पेट्रोल ३०. एकूण २२१. हातात राहिले २३९, आणि त्यासाठी पहाटे चारपासून सकाळी आठपर्यंत दोन माणसांचे कष्ट.

गोम अशी की घराकडून येणारे तीनशे महिनाभर हलत नाहीत आणि बाजारभाव मात्र रोज हलतो. श्रावणात, नवरात्रात, दिवाळीला झेंडू साठाचा दीडशे होतो. मग त्याच सव्वा किलोला १८८ रुपये पडतात. गुलाबही त्याच प्रमाणात चढतो. अशा दिवशी चार झेंडूंची पुडी दिली तर हाती काही उरत नाही. मग मावशी झेंडू दोन करतात आणि स्वतःच्या अंगणातली तगर, गोकर्ण, सदाफुली घालतात.

"गिऱ्हाइकाला कळत नाही का?" मी विचारले.

"कळतं की. पण ताई, फुलं किती ते चालवून घेतात. ज्याचं त्याला नाही मिळालं तर चालवून घेत नाहीत."

ही त्यांच्या धंद्याची किल्ली आहे. झेंडू दोनाचे चार झाले काय, चाराचे दोन झाले काय, बोलणारे थोडे. पण मंगळवारी दुर्वा नसल्या तर सासूबाई दिवसभर चुकचुकत राहतात. म्हणून झेंडू-गुलाब हा पुडीचा भरणा, आणि बेल, दुर्वा, तुळस, रुई ही पुडीची खरी जबाबदारी. भरणा बाजारात मिळतो. जबाबदारीच्या गोष्टी बहुतेक बाजाराबाहेर, हिंडून गोळा कराव्या लागतात.

दुर्वांचेच पाहा. जुडी एकवीस दुर्वांची, आणि दुर्वा म्हणजे हाताला लागेल ते गवत नव्हे. कोवळ्या शेंड्याची, तीन पाती एकत्र असलेली काडी हवी. हरळीच्या गादीतून अशी एकेक खुडायची, देठ सारखे करायचे, दोऱ्याने बांधायचे आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. पाण्यात बुडवून ठेवल्या तर सकाळी चिकट होतात. पूर्वी गोत्रीत मोकळे प्लॉट खूप होते. आता इमारती झाल्या, आणि उरलेल्या कडेकडेच्या गवतात कुत्री फिरतात, तिथली दुर्वा देवाला चालत नाही. मावशी तीन बंगल्यांच्या हिरवळीवर विचारून दुर्वा खुडतात आणि त्या तीन घरांना पुडी फुकट टाकतात. ती घरे ४६ मध्ये धरलेली नाहीत.

जास्वंदीचे गणित आणखी वेगळे. ते फूल एका दिवसाचे धनी. पाण्यात ठेवा नाहीतर हारात घाला, संध्याकाळी मिटणारच. म्हणून मावशी सोमवारी संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या फुगीर कळ्या तोडून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवतात. पहाटे बाहेर काढल्या की दाराला लटकेपर्यंत उमलू लागतात. मोगऱ्याचे याच्या उलट. त्याची कळी संध्याकाळी फुलते, म्हणून तो गजऱ्याला उत्तम आणि सकाळच्या पुडीला निरुपयोगी. सकाळी मिळतो तो आदल्या रात्रीचा, कडा पिवळ्या पडलेला.

शनिवारी एकाच झाडाची दोन रूपे होतात. मराठी घरात मारुतीला रुईच्या पानांची माळ हवी. गुजराती घरात त्याच झाडाला आंकडो म्हणतात आणि हनुमानजीला त्याच्या फुलांची माळ घालतात. मावशी एकाच फेरीत पाने मराठी घरांसाठी आणि फुले गुजराती घरांसाठी तोडतात. तोडताना देठातून पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते, म्हणून रुई तोडून झाली की साबणाने हात धुतल्याशिवाय त्या चेहऱ्याला हात लावत नाहीत.

आता त्या श्रावणाची गोष्ट. आपले आणि गुजरातचे महिने अमावास्येला संपतात, त्यामुळे श्रावण दोघांचा एकच. उत्तरेकडचे महिने पौर्णिमेला संपतात, म्हणून त्यांचा सावन पंधरा दिवस आधी लागतो. २०२४ साली त्यांचा सावन २२ जुलैला सुरू झाला, आपला श्रावण ५ ऑगस्टला, आणि आपला संपला २ सप्टेंबरच्या सोमवती अमावास्येला. म्हणजे मावशींच्या वहीत श्रावणी सोमवार चार-पाच नव्हे, सात होते. सात सोमवार बेल, आणि बेलाचे पान तीन दळांचे, न फाटलेले, किडीने न खाल्लेले. पावसाळ्यात किडीचे पान जास्त, त्यामुळे निम्मी पाने निवडण्यातच जातात.

२६ ऑगस्ट हा सोमवारही होता आणि जन्माष्टमीही. मावशींनी नेहमीच्या पुड्यांशिवाय अकरा हारांची मागणी घेतली होती, म्हणून जास्तीचा झेंडू आणला होता. दिवसभर पाऊस कोसळत होता. मंगळवारी सकाळी शहराचे दोन तुकडे झाले. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३५ फुटांच्या वर गेले. गोत्री नदीच्या पश्चिमेला, खंडेराव मार्केट पूर्वेला. पलीकडे जायची सोय नव्हती.

पहिल्या दिवशी, मंगळवारी, मावशींकडे सोमवारचा उरलेला दीडेक किलो झेंडू होता. तो ओला होता. त्यांनी ढिगात हात घातला तर आत ऊब. लगेच सगळा झेंडू चटईवर एकेरी पसरला, पंखा लावला, आणि तासाभरात वीज गेली. निम्मा वाचला, निम्मा टाकावा लागला. फ्रिजही बंद पडला, पण जास्वंदीच्या कळ्यांना त्याने काही बिघडले नाही, त्या थोड्या लवकर उमलल्या एवढेच. अंगणातल्या हरळीवर पाणी साचलेले नव्हते. मुलगा आणि सून दोघांना घेऊन त्यांनी दुर्वा खुडायला सुरुवात केली.

त्या दिवशी त्या ३१ घरांपर्यंत पोचू शकत होत्या. आमच्यासह पंधरा घरे पाणी भरलेल्या रस्त्यापलीकडे होती. एकतीस जुड्या, प्रत्येकी एकवीस, म्हणजे ६५१ दुर्वा. पावसात, छत्रीखाली, तीन तास.

बुधवारी बाजाराचे एकही फूल नव्हते. त्या दिवसाची पुडी झाली तुळस, तगर, गोकर्ण आणि पारिजातकाची, जेवढी झाडाखाली चिखलात न पडता पसरलेल्या चादरीवर मिळाली तेवढी. गुरुवारी पिवळे फूल हवे, दत्ताच्या आणि साईबाबांच्या घरांना. शेवंती कुठून आणणार? एका बंगल्याच्या कुंपणाला पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, फुललेली होती. दोन-दोन फुले प्रत्येकाला. बिट्टी विषारी असते, म्हणून ज्या घरांत लहान मूल होते तिथे मावशींनी कडीला पुडी न लावता बेल वाजवून हातात दिली आणि सांगितले. शिवाय त्या गुरुवारी श्रावण वद्य एकादशी होती. तुळस तेवढी भरपूर. पण द्वादशीला तुळस तोडत नाहीत, म्हणून शुक्रवारची तुळसही त्यांनी गुरुवारीच काढून ओल्या फडक्यात ठेवली. शुक्रवारी मुलगा लांबच्या रस्त्याने बाजारात पोचला आणि पुडी पहिल्यासारखी झाली.

महिना संपला तेव्हा वाद निघाला. आमच्या घरी पुडी तीन दिवस आलीच नव्हती, म्हणून मी दुधवाल्याच्या सवयीने तीन खाडे धरून २७० रुपये पुढे केले. मावशींनी वही उघडून दाखवली. आमच्या नावापुढे त्यांनी स्वतःच २७० लिहिले होते, न सांगता. पंधराही घरांना तसेच. "आले नाही त्याचे कसे घेऊ?" त्या म्हणाल्या.

वाद झाला तो उरलेल्या ३१ घरांपैकी काहींशी. एका गृहस्थांचे म्हणणे, बुधवारी आणि गुरुवारी पुडीत बाजारचे एक फूल नव्हते, सगळा झाडपाला. जो माल तुम्हाला फुकट पडला त्याचे दहा रुपये कसले? निदान अर्धे कापा. सोसायटीच्या बाकावर यावर चांगलीच चर्चा झाली. मला सुरुवातीला त्या गृहस्थांचे पटले होते, हे कबूल करते. मी मावशींना म्हटलेही, दोन दिवसांचे दहा रुपये सोडून द्या, माणसे तुटायला नकोत.

त्यांनी सोडले नाहीत. आवाज न चढवता त्यांनी जो हिशोब सांगितला तो मी इथे देते, कारण त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. साध्या दिवशी २२१ रुपये बाजाराला जातात आणि कष्ट चार तासांचे. त्या बुधवारी बाजाराला काहीच गेले नाही, पण तिघे माणसे सात तास हिंडली. "तुम्ही दहा रुपये झेंडूचे देता असं तुम्हाला वाटतं. झेंडू चार रुपयांचासुद्धा नसतो. बाकीचे पैसे तुम्ही देता ते सकाळी सातच्या आत तुमच्या देवाचं तुमच्या दारात आलं पाहिजे याचे. ते त्या दिवशी आलं की नाही?"

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन एवढेच म्हणाल्या, "तिकडे मंगळवारी दुर्वा पोचल्या ना? मग तो खाडा नाही."

त्या गृहस्थांनी पुढच्या महिन्यापासून पुडी बंद केली. बाकी सगळ्यांनी पूर्ण पैसे दिले. मावशींचे एक घर गेले, ते आजवर परत आलेले नाही. हे सांगायला हवे, नाहीतर गोष्ट उगाच गोड होईल.

या वादातून एक नियम मात्र पक्का झाला. पूर्वी लोक गावाला जाताना सांगत नसत, परत आल्यावर आठ खाडे धरा म्हणत. दुधवाल्याला एका घराचे उरलेले दूध मिठाईवाल्याला देता येते. मावशींनी तुमच्यासाठी पहाटे विकत घेतलेले फूल आठ वाजता कोणाला द्यायचे? आता नियम असा की आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत सांगितले तरच खाडा धरायचा. मावशींच्या बाजूने चुकले तर त्या स्वतः कापतात, मागावे लागत नाही. हे त्यांनी मराठी आणि गुजराती दोन्ही लिप्यांत लिहून प्रत्येक घरी दिले. गुजराती मजकूर सुनेने लिहिला.

दुसरा बदल पुरानंतर झाला तो वातींचा. दुपारी आणि रात्री त्या फुलवाती, लांब वाती आणि कापसाची वस्त्रे करतातच, पण आता त्याचा साठा दोन महिने पुरेल एवढा ठेवतात. फूल एका दिवसात मरते, वात कोरडी ठेवली तर वर्षभर टिकते, आणि बाजार बंद असला तरी विकता येते. वस्त्रमाळ मराठी घरातच जाते, गुजराती घरी त्या जागी नाडाछडी लागते. वाती मात्र सगळ्यांना लागतात, फक्त तिकडे त्यांना दिवेट म्हणतात. मावशींची वात नीट जळते याचे कारण विचारले तर म्हणाल्या, वळताना आवळायची नाही. फार घट्ट वळली की तेल वर चढत नाही आणि टोक काजळते. कापूसही पारखून घ्यावा लागतो. थोडा पेटवून बघायचा. खरा कापूस जळून मऊ राखाडी राख होते. भेसळीचा धागा असेल तर वितळून काळा कडक मणी होतो.

नवरात्रात त्यांची खरी परीक्षा असते. घटावर रोज एक अशा नऊ माळा चढतात आणि पहिली माळ उत्थापनापर्यंत काढत नाहीत. काही घरांत रंगही ठरलेले, पहिली पिवळी शेवंती-सोनचाफ्याची, दुसरी पांढरी अनंत-मोगऱ्याची, तिसरी निळी गोकर्णाची. हारावर पाणी शिंपडले तर तो दिवसभर टवटवीत दिसतो, पण नऊ दिवस टांगायची माळ ओली असेल तर तिला बुरशी येऊन घटावर पाणी ठिबकते. म्हणून या माळांची फुले मावशी आधी फडक्यावर कोरडी करतात, विरळ ओवतात आणि दोन फुलांमध्ये बोटभर मोकळा दोरा सोडतात. माळ मग झाडावर सुकावी तशी सुकते. नवीन गिऱ्हाईक अशी विरळ माळ बघून कुरकुरते. नवव्या दिवशी कुरकुर थांबते.

यंदाच्या श्रावणात मी पुन्हा त्यांची वही बघितली. घरे ४६ ची ४१ झाली आहेत. एक त्या वादात गेले, बाकीची चार घरातल्या वृद्ध बायका गेल्यावर बंद झाली. पुडीचा दर बारा रुपये झाला आहे. मी विचारले, पुढे काय? त्यांनी उत्तर दिले नाही, दुर्वांची जुडी बांधत होत्या आणि मध्ये मोजणी चुकली असती. एकवीस झाल्यावर दोऱ्याची गाठ मारली, जुडी फडक्यात ठेवली आणि मग म्हणाल्या, "उद्या मंगळवार आहे ना? मग एकेचाळीस जुड्या. बसा, तुम्ही पण लागा."

मी बसले. तासाभरात माझ्या चार जुड्या झाल्या. त्यांतल्या दोन त्यांनी सोडून पुन्हा बांधल्या, एकीत वीस भरल्या होत्या आणि एकीत बावीस.